‘दाताचंच आहे’ म्हणून थांबू नका

घरात सहा-सात महिन्यांचं लेकरू असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘दाताचंच आहे, होईल बरं.’ लेकरू किरकिर करतंय, दाताचं आहे. अंग गरम लागतंय, दाताचं आहे. दिवसातनं सहा वेळा पातळ संडास झाली, तीही दातानंच. आज आपण या वाक्याबद्दलच बोलणार आहोत, कारण त्यातलं थोडं खरं आहे आणि बाकीचं खोटं. जे खोटं आहे, त्यानं लेकराच्या जिवाशी गाठ पडते.

सुरुवातीला आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. हळद शिजवायचे दिवस होते, म्हणजे फेब्रुवारी संपत आलेला. आपल्या वसमत-कळमनुरीकडं त्या दिवसांत घरातली सगळी माणसं शेतात असतात. आमच्या गटातल्या एका ताईची सून सकाळी लेकराला पाजून रानात जायची आणि दिवसभर लेकरू आजीजवळ असायचं. लेकरू आठ महिन्यांचं होतं, वजन सात किलो. सकाळी भरलेली दुधाची बाटली दुपारपर्यंत पुरवून पुरवून दिली जायची.

सोमवारी लेकराला चार पातळ संडास झाल्या. ते सारखं हिरड्या चावत होतं आणि लाळ गाळत होतं, म्हणून आजी म्हणाली, ‘दाताचे जुलाब हायेत, येऊन जाईल दात.’ मंगळवारी आठ-नऊ वेळा झाली, एकदा उलटीही झाली. शेजारच्या एकीनं सांगितलं, ‘पाणी-दूध कमी करा, म्हंजी जुलाब थांबतील.’ तेही केलं. दुकानातनं दाताच्या गोड गोळ्या आणून दिल्या. बुधवारी सकाळी आई पाजायला बसली तेव्हा लेकराचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती आणि आदल्या संध्याकाळपासून लंगोट लघवीनं ओला झाला नव्हता. आशाताईनं पाहिलं आणि लगेच गाडी बोलावली.

लेकरू वाचलं, ते कसं ते पुढं सांगतो. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. ज्या दातावर सगळा दोष ठेवला होता, तो दात त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. आणि तो आला त्या दिवशी लेकराला एकही जुलाब झाला नाही, तापही आला नाही.

दात येतात तेव्हा खरोखर काय होतं?

लेकरू पोटात असतानाच दुधाच्या दातांचे कोंब जबड्यात तयार होऊ लागतात. जन्मानंतर ते हळूहळू वर सरकतात आणि एक दिवस हिरडीतनं बाहेर डोकावतात. बहुतेक लेकरांचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. कुणाला चौथ्या महिन्यात दिसतो, कुणाला वर्षाच्या आसपास. साधारणपणे खालचे मधले दोन आधी, मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे. दाढा वर्ष उलटल्यावर येतात. अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात.

वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असं काही घरांत म्हणतात. मामाचा त्यात काही संबंध नाही. खालचे आधी येतात हा सर्वसाधारण क्रम आहे आणि काही लेकरांत तो बदलतो, एवढंच. सव्वा वर्ष झालं तरी एकही दात दिसला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि जन्मतःच दात असेल तर घाबरू नका, पण तो हलतो का हे लगेच तपासून घ्या, कारण सैल दात निघून घशात जाऊ शकतो.

आता लक्षणं पाहू. दात बाहेर येण्याच्या आधीचे तीन-चार दिवस, तो येतो तो दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस, असा साधारण आठवडाभर लेकरू चिडचिड करतं. लाळ जास्त गळते. हातात येईल ते तोंडात घालून चावतं, हिरड्या घासतं, कधी कान ओढतं. रात्री एक-दोनदा जास्त उठतं. वरचं जेवण थोडं कमी खातं. लाळेनं हनुवटीवर आणि गालावर लाल पुरळ उठतं. हिरडी जराशी सुजलेली, लाल दिसते. अंग किंचित कोमट लागू शकतं. दाताचा त्रास म्हणतात तो एवढाच. आठवड्यात तो ओसरतो आणि मधल्या काळात लेकरू खेळतं, हसतं, दूध पितं.

लाळेविषयी एक सांगायचं राहिलं. लेकरू दोन-तीन महिन्यांचं झालं की लाळेच्या ग्रंथी जोरात काम करू लागतात आणि त्याच सुमारास ते मुठी तोंडात घालायला शिकतं. दात यायला तेव्हा बरेच महिने असतात. म्हणून लाळ गळते म्हणजे दात आलाच, असं धरून चालू नका.

मग ताप आणि जुलाब कुठून येतात?

तुम्ही म्हणाल, आमच्या सगळ्या लेकरांना दात येतानाच जुलाब झाले, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही पाहिलं ते खरंच आहे. पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही. मृगात पाऊस येतो आणि शाळाही उघडते, म्हणून शाळेमुळं पाऊस पडतो असं आपण म्हणत नाही.

सहा महिन्यांच्या आसपास लेकराच्या आयुष्यात तीन बदल एकदम होतात. पहिला बदल असा की पोटात असताना नाळेवाटे आईकडून आलेली रोगाशी लढायची ताकद तोवर बरीच ओसरलेली असते आणि लेकराची स्वतःची ताकद अजून पुरती तयार झालेली नसते. दुसरा बदल म्हणजे याच वयात वरचं अन्न, वरचं पाणी सुरू होतं. वाटी-चमचा, बाटली, भरवणाऱ्याचे हात, या सगळ्यांतनं जंतू पोटात जायची वाट उघडते. तिसरा बदल, लेकरू पालथं पडतं, सरकतं, रांगतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. हिरड्या शिवशिवत असतील तर जास्तच घालतं.

म्हणजे जुलाब होतात ते जंतूंमुळं, आणि तो काळ नेमका दात येण्याचा असतो. दात तीन वर्षांपर्यंत एकामागून एक येत राहतात, त्यामुळं लेकरू कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात वाटेवर असतोच. दोष द्यायला तो कायम हाताशी असतो.

लाळ गिळली म्हणून संडास पातळ होते, असंही काही जण सांगतात. लाळेनं संडास जरा बुळबुळीत दिसेल कदाचित. पण पाण्यासारखी, वारंवार होणारी संडास लाळेनं होत नाही.

हे नुसतं आमचं मत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावच्या डॉक्टरांनी १२५ लेकरांच्या आईवडिलांकडून रोजच्या रोज नोंदी करून घेतल्या होत्या. लेकराला ताप किती, संडास कशी, झोप कशी, दात आला का, असं सगळं. एकूण ४७५ दातांच्या नोंदी झाल्या आणि २००० साली त्या छापून आल्या. चावणं, लाळ, चिडचिड, तोंडावरचं पुरळ, अंग किंचित गरम, एवढ्या गोष्टी दात येण्याच्या दिवसांत वाढलेल्या दिसल्या. पातळ संडास, उलटी, खोकला आणि जोराचा ताप यांचा दात येण्याशी संबंध दिसला नाही. त्याच साली ऑस्ट्रेलियातल्या पाळणाघरांत रोज लेकरांचं तापमान घेऊन पाहिलं, तिथंही दात आणि ताप यांची जोडी जुळली नाही.

हा समज फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये १८३९ साली पाच हजारांहून अधिक लेकरांच्या मृत्यूचं कारण म्हणून सरकारी नोंदीत ‘दात येणं’ असं लिहिलं गेलं. त्या लेकरांना जुलाब, फेफरं, न्यूमोनिया असं काहीतरी झालेलं असणार. पण दाताचं नाव लागलं आणि खऱ्या आजाराकडं कुणी पाहिलं नाही. जी चूक तिथल्या डॉक्टरांनी तेव्हा केली, ती आपण आज का करायची?

ताप आहे की नुसतं कोमट अंग?

हाताच्या पालथ्या बाजूनं ताप बघायची आपल्याला सवय आहे. पण उन्हातनं आलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू हाताला गरमच लागतं. घरात साधं डिजिटल थर्मामीटर ठेवा. लेकराला मोकळं करून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवा, मग काख कोरडी पुसून थर्मामीटर काखेत धरा आणि तो वाजेपर्यंत हात अंगाशी दाबून ठेवा. काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आकडा आला तर तो ताप समजायचा. आणि ताप असेल तर दाताला सोडून द्यायचं, दुसरं कारण शोधायचं.

ते कारण सर्दी असेल, कानाचा आजार असेल, लघवीतला जंतुसंसर्ग असेल, मलेरिया असेल, छातीत कफ असेल. दात येताना लेकरू कान ओढतं हे खरं, पण कान ओढतं, रात्री किंचाळून रडतं आणि तापही आहे, तर कान दाखवायला हवा. ताप आणि श्वास जोरात चालला असेल तर लेकरू शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पुरं एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या लेकराचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला तर कसलाही ताप आला तरी वाट पाहायची नाही.

तापाचं पॅरासिटामॉल औषध शेजारणीच्या बाटलीतनं देऊ नका. त्याचा डोस लेकराच्या वजनावर ठरतो आणि बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एका बाटलीच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, तर दुसरीच्या तेवढ्यातच २५०. चमचा तोच, औषध दुप्पट. म्हणून लेकराचं वजन सांगून, आपली बाटली दाखवून किती द्यायचं ते विचारून घ्या.

जुलाब झाले तर: त्या लेकराचं पुढं काय झालं?

आता त्या आठ महिन्यांच्या लेकराकडं परत जाऊ. रुग्णालयात नेल्यावर सिस्टरनं आधी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, हळूहळू मागं गेली. लेकरू चिडचिडं होतं, पण चमचा ओठाला लावला की अधाशासारखं पाणी ओढत होतं. म्हणजे अंगातलं पाणी बरंच कमी झालं होतं, पण तोंडानं पिण्याची ताकद अजून शिल्लक होती.

घरच्यांना वाटलं आता सलाईन लावतील. सिस्टरनं ओआरएसचं पाकीट काढलं. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. हिशेब असा की अशा लेकराला चार तासांत, दर किलो वजनामागं ७५ मिलिलिटर. लेकरू सात किलोचं, म्हणजे ५२५ मिलिलिटर, अर्ध्या लिटरपेक्षा जरा जास्त. पाच मिलिलिटरचा एक चमचा धरला तर दर दोन मिनिटांनी एक चमचा. आई आणि आजी आळीपाळीनं चार तास बसल्या. मध्ये एकदा उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. मधूनमधून अंगावरचं दूधही चालू ठेवलं. दुपारी लेकरानं लघवी केली आणि आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, ‘मी दोन दिस त्याचं पाणी तोडलं होतं बाई.’

यातनं आपण घरी काय करायचं? पहिल्या पातळ संडाशीपासून ओआरएस सुरू करायचं, तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला. पाणी उकळून गार केलेलं असेल तर उत्तम. अर्धं पाकीट, अंदाजानं पाणी, असं करू नका. त्यानं मीठ कमीजास्त होतं. वरून साखरही घालू नका. हे पाणी चोवीस तास चालतं, उरलं तर फेकून द्या आणि नवीन करा. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ संडाशीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. रानात पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ, असं करून वेळ भागवता येते.

त्याबरोबर झिंकची गोळी. सहा महिन्यांवरच्या लेकराला २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला अर्धी. चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात ती विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी पुरे १४ दिवस द्यायची, कारण त्यानं आतडं भरून येतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईकडं, उपकेंद्रात फुकट मिळतं.

अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. सहा महिन्यांवरच्या लेकराला मऊ खिचडी, वरण-भात, केळं चालू ठेवायचं. पाणी तोडल्यानं जुलाब थांबत नाहीत, लेकरू सुकतं.

टाळूबद्दलही बोलायला हवं. टाळू खोल गेली की आपल्याकडं तिच्यावर तेल थापतात, कुणी तोंडात बोट घालून वर दाबतं. टाळू खोल जाते कारण अंगातलं पाणी संपलेलं असतं. पाणी भरलं की ती आपोआप वर येते. तेलाला दोष नाही, पण तेलात वेळ घालवू नका.

आणि या खुणा दिसल्या तर घरी थांबायचं नाही. लेकरू सुस्त पडलं, उठवलं तरी उठत नाही. पाणी-दूध पीतच नाही, किंवा पिलेलं सगळं ओकतं. संडाशीत रक्त दिसतं. झटके येतात. सहा तासांत लघवी झाली नाही. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि गाडीत बसल्यावरही लेकरू पीत असेल तर चमच्यानं पाजत राहा.

हिरड्यांना आराम कसा द्यायचा?

आता दाताच्या खऱ्या त्रासाकडं येऊ. त्याला महागाचं काही लागत नाही. हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या, आणि बोटानं लेकराची हिरडी एक-दोन मिनिटं हलक्या हातानं दाबून चोळा. दाबानं शिवशिव कमी होते. दिवसातनं चार-पाच वेळा केलं तरी चालतं.

दुसरा उपाय गारव्याचा. धुतलेला, उकळलेला मऊ सुती रुमाल स्वच्छ पाण्यात भिजवून पिळून घ्या, झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा माठात ठेवा. फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या खणात नाही. बर्फासारखी कडक वस्तू नाजूक हिरडीला इजा करते. गार झालेला रुमाल लेकराला चावू द्या, तुम्ही समोर बसा. स्टीलचा गुळगुळीत चमचा असाच गार करून हिरडीवर टेकवता येतो. चावायचं खेळणं घेतलं तर भरीव रबराचं घ्या. आत पाणी भरलेलं फुटतं.

लाळ मऊ कापडानं टिपून घ्या, पुसताना रगडू नका. हनुवटीला थोडं खोबरेल लावलं की पुरळ कमी होतं. लाळेरं ओलं झालं की बदला. झोपताना मात्र ते गळ्यातनं काढून ठेवा.

पाजताना लेकरू चावलं तर ओरडून ओढून काढू नका, त्यानं जास्त लागतं. करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातनं आत सरकवा, पकड सुटते. मग थोडं थांबून पुन्हा घ्या. दात आले म्हणून दूध तोडायची गरज नाही.

आणि पहिला दात दिसला की तो रोज ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसायला लागा. दुधाचा दात पडणारच आहे म्हणून किडू द्यायचा नसतो.

या गोष्टी लांब ठेवा

आपल्या घरांतनं चालत आलेला एक उपाय म्हणजे टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला लावणं. हा बंद करायलाच हवा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो थोडा थोडा रोज पोटात गेला तर अंगात साठतो आणि लेकराला झटके येतात. इंग्लंडमध्ये १९८३ साली अशी सात लेकरं डॉक्टरांनी नोंदवली होती. त्यांच्या चोखण्या मध आणि टाकणखारात बुडवून दिल्या जात होत्या. ते बंद केल्यावर झटके थांबले. म्हणजे दात येताना फेफरं येतं असं जे म्हणतात, ते कधी कधी आपल्या औषधानंच आलेलं असू शकतं. नुसता मधही एक वर्षापर्यंत देऊ नये. त्यात असलेल्या एका जंतूनं लहान लेकराचे स्नायू ढिले पडतात, दूध ओढायची आणि श्वास घ्यायचीही ताकद जाते.

दुकानात मिळणारं हिरडी बधिर करायचं जेल स्वतःच्या मनानं लावू नका. बेंझोकेन नावाचं औषध असलेलं जेल दोन वर्षांच्या आत वापरू नये, असं अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ साली बजावलं. त्यानं क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि लेकराचे ओठ निळे पडतात. तोंड आल्यावर मोठी माणसं लावतात त्या काही जेलमध्ये सॅलिसिलेट असतं, तेही लेकरांना नको. शिवाय लाळ एवढी गळत असते की जेल हिरडीवर टिकत नाही, गिळलं जातं. दाताच्या गोड गोळ्यांचंही तसंच. अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा अशा काही गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अंश लिहिल्यापेक्षा जास्त निघाला. त्यांनी दात लवकर येत नाही, आणि जुलाबाचे मोलाचे दोन दिवस वाया जातात. आमच्या गोष्टीतल्या लेकराचे गेले तसेच.

खारीक, कच्चं गाजर, उसाचं पेर, कडक भाकरीचा तुकडा चावायला देतात. पुढचे दोन दात आले की लेकरू तुकडा तोडू शकतं, पण दाढा नसल्यामुळं चावू शकत नाही. तो तुकडा घशात अडकतो. गळ्यातला काळा दोरा, ताईत, मण्यांची माळ झोपेत फास बसवू शकते, मणी तुटला तर घशात जातो. श्रद्धा असेल तर ताईत पाळण्यापासून लांब, भिंतीवर टांगा. हिरडीला चीर देणं, पोटाला डाग किंवा बिब्बा देणं, हे तर कुणी सांगितलं तरी करू देऊ नका.

बाटली आणि वाटी-चमचा

त्या घरात नंतर एक बदल झाला. आशाताईनं सांगितलं आणि दुधाची बाटली बंद झाली. बाटलीचं बूच आणि कोपरे नीट धुतले जात नाहीत, आणि सकाळचं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासतं. जुलाब आले ते बहुधा तिथूनच. आता सून सकाळी जाताना स्वतःचं दूध धुतलेल्या, उकळलेल्या वाटीत काढून झाकून थंड जागी ठेवते आणि आजी ते चार तासांच्या आत चमच्यानं पाजते. जवळच्या शेतात काम असेल तर दुपारी लेकरूच आईकडं नेतात. रोटाव्हायरसची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळाली आहे का, हेही तुम्ही कार्डावर बघून घ्या. लहान लेकरांच्या जुलाबाचं ते एक मोठं कारण आहे.

त्या लेकराला आता आठ दात आहेत. आजी सांगते, दुसरा, तिसरा, चौथा दात आला तेव्हा ते चिडलं, चावलं, लाळेनं कपडे भिजवले, आणि दोन दिवसांत विसरून गेलं. मध्ये पावसाळ्यात पुन्हा एकदा जुलाब झाले. तेव्हा शेजारीण म्हणालीच, ‘दाढ येत असंल.’ आजीनं तिला उत्तर दिलं, ‘येऊ दे की दाढ. तू आधी मला पाण्याचा तांब्या दे, पुडी कालवायची हाय.’